पोळ्या बाहेरच्या, खिचडी घरची

दोघेही नोकरी करणाऱ्या घरात महिनाअखेरीस जेवणाच्या खर्चावरून वाद होतो, तेव्हा बहुधा दोन मोठ्या रकमांचीच तुलना होते. किराणा इतका, ॲपवरच्या ऑर्डरी तितक्या. त्यातून निर्णय काही निघत नाही, कारण प्रश्न ‘घरी की बाहेर’ असा नसतोच. कोणता पदार्थ बाहेरून आणल्यावर वाचलेला तास कितीला पडतो, हे पाहावं लागतं.

समजा, हिंजवडीत नोकरी आणि वाकडला घर असलेलं एक जोडपं आहे. दुपारचं जेवण ऑफिसात होतं, म्हणून हिशेब फक्त रात्रीचा. पोळी, भाजी, आमटी, भात असं दोघांचं साधं जेवण घरी साधारण ९० रुपयांत होतं. यात पोळ्यांचे २०, भाजीचे ३०, आमटी-भाताचे २५ आणि उरलेले गॅस व वरकड फोडणीचे. आवराआवर धरून वेळ लागतो सव्वा तास, आणि त्यातली ४० मिनिटं एकट्या पोळ्या खातात. कणीक मळणं, लाटणं, भाजणं, मग ओट्यावरचं पीठ पुसणं.

आता याच आठ पोळ्या कोपऱ्यावरच्या पोळी-भाजी केंद्रातून आणल्या, तर ११ रुपयांप्रमाणे ८८, धरा ९० रुपये. म्हणजे ७० रुपये जास्त देऊन ४० मिनिटं मोकळी झाली. तास पडला साधारण १०५ रुपयांना. बिर्याणीचंही तसंच आहे. अर्धा किलो चिकन, बासमती, दही, तळलेला कांदा, तूप मिळून घरी २७० रुपये आणि भांडी धरून दोन तास. मागवली तर ६००. तास १६५ रुपयांचा.

आणि मुगाची खिचडी? घरी ३५ रुपये. कुकर अर्धा तास गॅसवर असला तरी आपले हात लागतात जेमतेम १५ मिनिटं. ॲपवर १७० रुपयांच्या दोन प्लेट मागवल्या की ३४० होतात. त्यावर ५ टक्के जीएसटी, पॅकिंग, डिलिव्हरी आणि प्लॅटफॉर्म फी असं करत बिल ४५०च्या घरात जातं. १५ मिनिटांसाठी ४१५ रुपये जास्त, म्हणजे तासाला साडेसोळाशेच्या वर. त्यात मेन्यू चाळण्यात दहा मिनिटं गेली आणि डिलिव्हरी बॉय सोसायटीच्या गेटवर अडकला, तर वाचलेला वेळ शून्य.

गंमत अशी की थकून घरी आल्यावर माणूस नेमकी खिचडी, डाळ-भात नाहीतर डोसाच मागवतो, आणि रविवारी हौसेनं दोन तास बिर्याणीपाशी उभा राहतो. हौस असेल तर प्रश्नच नाही. तो वेळ खर्चात धरायचा नसतो.

महिन्यावर मांडून पाहू. ३० रात्री सगळं घरी केलं तर २,७०० रुपये आणि साडेसदतीस तास. सगळं मागवलं तर १३,५०० रुपये. मधला मार्ग असा: २६ रात्री भाजी-आमटी-भात घरी आणि पोळ्या केंद्रातल्या, चार रात्री बिर्याणीसारखं काही बाहेरचं. खर्च ६,५६० आणि ओट्यापाशी सुमारे १५ तास. पहिले २२ तास तासाला पावणेदोनशेला सुटले. उरलेले १५ तासही सोडवायचे म्हटले, तर आणखी ६,९४० रुपये, म्हणजे तासाला साडेचारशेच्या पुढे. आपला तास कितीचा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. माझ्या मते इथे थांबावं. भाव तुमच्या पेठेतले घाला, आकडे बदलतील. पण पोळी आणि खिचडी यांची जागा सहसा बदलणार नाही.

या हिशेबात न दिसणारा एक खर्च फ्रिजमध्ये असतो. आयत्या वेळी ऑर्डर दिली की त्या दिवशीची मेथी तशीच राहते, दोन दिवसांनी पिवळी पडून कचऱ्यात जाते. म्हणजे त्या जेवणाचे पैसे दोनदा गेले. म्हणून बाहेरच्या चार रात्री मंडईत जाण्याआधी ठरवाव्यात आणि भाजी उरलेल्या रात्रींपुरतीच आणावी. दर आठवड्याला पालेभाजी फेकली जात असेल, तर ठरलेल्यापेक्षा जास्त मागवलं जातंय हे ओळखावं. निवडायला वेळ नसेल तर निवडलेली मेथी, सोललेला लसूण, मोड आलेली मटकी थोडे जास्त पैसे देऊन घ्यावी. भाजीतला वेळ फोडणीत नाही, निवडण्या-चिरण्यात जातो.

महिन्याचा डबा लावायचा मोह होतो, पण आधी खाडे विचारून घ्यावेत. ऑफिसातून उशीर, कुणाचा वाढदिवस, शनिवारी गावी जाणं, असे महिन्याला सात-आठ खाडे सहज पडतात. ते वजा होणार नसतील तर ९० रुपयांचा डबा प्रत्यक्षात १२० रुपयांना पडतो. पोळ्यांना बाई मिळाली तर उत्तमच, फक्त तिची वेळ आणि आपली घरी येण्याची वेळ जुळायला हवी. नाहीतर केंद्रात सहाच्या आत फोन करून आठ पोळ्या बाजूला ठेवायला सांगाव्यात, कारण साडेआठनंतर तिथे बहुतेक वेळा भाकरीच उरलेली असते.