ग्लासात मोहरी कुठून येते?

डिशवॉशरमधून काढलेल्या ग्लासाच्या तळाशी मोहरीचा दाणा दिसतो, आतून बोट फिरवलं की बारीक कचकच लागते. अशा वेळी घरोघरी खापर फुटतं ते पावडरीवर, आणि महागडी टॅब्लेट आणली जाते. खरं तर आधी मशीनच्या तळातली जाळी काढून बघावी.

मशीन भांड्यांवर सतत नवं पाणी सोडत नाही. प्रत्येक टप्प्यासाठी ते थोडंसंच पाणी भरून घेतं. पंप तेच पाणी फिरत्या फवाऱ्यांतून भांड्यांवर मारतो, ते खाली येतं, जाळीतून गाळलं जातं आणि पुन्हा वर जातं. म्हणजे जाळी तुंबली की कालच्या आमटीतला गाळ आजच्या ग्लासांवर उडतो.

बऱ्याच मशीनमध्ये तळाशी मोठ्या भोकांचा उभा गोल फिल्टर असतो आणि त्याखाली बारीक जाळीची सपाट स्टीलची चकती. कढीपत्ता, शितं, खोबऱ्याचा कीस गोल फिल्टरात अडकतात. ते दिसतात, म्हणून सोपे. त्रास देतो तो न दिसणारा थर. पिठल्याचं बेसन, फोडणीचं तेल आणि हळद गरम पाण्यात सुटतात आणि मशीन थंड झालं की जाळीवर चिकटून बसतात. वरून जाळी साफ वाटते. उलटी करून उजेडात धरली की भोकं बुजलेली कळतात.

खालचा रॅक बाहेर काढा. गोल फिल्टर बहुतेक मशीनमध्ये डावीकडे फिरवला की सुटतो. तो उचलून चकतीही काढा. दोन्ही कोमट पाण्यात भांड्यांच्या लिक्विडचे थेंब टाकून दहा-पंधरा मिनिटं बुडवा, मग जुन्या टूथब्रशने नळाखाली घासा. तारेची घासणी नको, जाळी फाटते. प्लास्टिकवरचा हळदीचा पिवळा डाग गेला नाही तरी बिघडत नाही, तो नुसता रंग आहे.

जाळी निघाली आहे तोवर खालच्या खळग्यातही बघा, पण मशीन बंद करून आणि प्लग काढून. फुटलेल्या काचेची कपची तिथे असू शकते, म्हणून उघडा हात घालू नका. तळाशी थोडं पाणी राहणं नेहमीचंच. जाळीच्या वर साचलं असेल तर मात्र तुंबलंय. फवाऱ्याच्या भोकात अडकलेले जिरे-मोहरी टूथपिकने निघतात.

परत बसवताना फिल्टर घट्ट लागेपर्यंत फिरवा. घाईत इथेच चूक होते. सैल फिल्टरच्या कडेने खरकटं थेट पंपात जातं आणि तो दुरुस्तीचा खर्च मोठा असतो.

रोज फोडणीचा स्वयंपाक असेल तर आठवड्यातून एकदा जाळी धुवा. भांडी आधी विसळायची गरज नाही, पण उरलेलं खरकटं केराच्या डब्यात झाडूनच ती आत लावा.