घटक ४ : खाद्यपदार्थाच्या वेष्टनावरील तेलुगू मजकूर – मराठीकडून तेलुगूकडे

४.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण जाहिरातीच्या अनुवादाचा विचार केला. जाहिरातीत अनुवादकाला काही प्रमाणात स्वातंत्र्य असते. वेष्टनावरील माहितीच्या मजकुरात असे स्वातंत्र्य जवळजवळ नसते, कारण हा मजकूर वाचून ग्राहक काय खायचे आणि काय टाळायचे हे ठरवत असतो.

जालन्याचा परिसर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता. सिकंदराबाद-मनमाड लोहमार्गाने तो आजही नांदेड, निजामाबाद आणि हैदराबाद यांच्याशी जोडलेला आहे. त्यामुळे येथील एखाद्या गृहोद्योगाने आपला चिवडा तेलंगणात विकायचे ठरवले, तर पाकिटावर तेलुगू मजकूर हवा असे त्याला वाटणे स्वाभाविक आहे. या घटकात आपण असेच एक काल्पनिक पाकीट समोर ठेवणार आहोत. तेलुगू शब्द आपल्या सोयीसाठी देवनागरीत दिले आहेत.

एक कायदेशीर बाब आधी ध्यानात घ्या. अन्नसुरक्षा व मानके (लेबलिंग आणि प्रदर्शन) विनियम, २०२० नुसार अनिवार्य माहिती इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदीत द्यावी लागते. अन्य भाषेतील मजकूर त्याच्या जोडीला देता येतो; मात्र तो मूळ माहितीशी विसंगत असता कामा नये. म्हणजेच तेलुगू मजकूर हा पूरक असतो आणि त्याची सत्यता मूळ माहितीवरून तपासली जाते.

४.२ घटकपदार्थांची यादी

समजा, भाजक्या पोह्यांच्या चिवड्याच्या एका घाण्यात पोहे ५ किलो, फोडणीसाठी पामतेल १.८ किलो, शेंगदाणे १.५ किलो, डाळे १ किलो, सुके खोबरे ३०० ग्रॅम, साखर २०० ग्रॅम, मीठ १५० ग्रॅम आणि थोडी मिरची, कढीपत्ता व हळद असे जिन्नस आहेत. उद्योजिका आपल्याला पाककृतीची वही देते. वहीत फोडणीचे तेल सर्वांत शेवटी लिहिलेले असते. वेष्टनावर मात्र घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावे लागतात. म्हणून येथे पोह्यांनंतर लगेच पामतेल येते. वहीतला क्रम तसाच अनुवादित केला, तर प्रत्येक शब्द बरोबर असूनही यादी चुकीची ठरते. नुसते ‘खाद्यतेल’ असे लिहूनही भागत नाही. कोणते तेल ते सांगावे लागते.

आता शीर्षक पाहा. मराठीत ‘पदार्थ’ म्हणजे तयार झालेली वस्तू आणि ‘घटक’ म्हणजे तिच्यातील जिन्नस. तेलुगूत जिन्नसांनाच ‘पदार्थालु’ म्हणतात. म्हणून आपले ‘घटक’ हे तेथे ‘उपयोगिंचिन पदार्थालु’, म्हणजे वापरलेले जिन्नस, असे होते. ‘कावलसिन पदार्थालु’ हाही प्रयोग आढळेल. पण त्याचा अर्थ ‘लागणारे साहित्य’ असा असून तो पाककृतीत शोभतो.

यादी अशी होईल : अटुकुलु (पोहे), पामायिल (पामतेल), वेरुशनगलु (शेंगदाणे), पुट्नाल पप्पु (डाळे), एंडु कोब्बरि (सुके खोबरे), चक्केर (साखर), उप्पु (मीठ), मिरपकायलु (मिरच्या), करिवेपाकु (कढीपत्ता), पसुपु (हळद).

या यादीतील सर्वांत जोखमीचा शब्द शेंगदाण्यांचा आहे. तेलुगूत ‘शनग’ म्हणजे हरभरा. ‘शनगपिंडि’ म्हणजे बेसन. ‘वेरु’ म्हणजे मूळ. शेंगा जमिनीखाली लागतात म्हणून शेंगदाणा ‘वेरुशनग’ झाला. अनुवाद करताना किंवा अक्षरजुळणीत ‘वेरु’ गळले, तर शेंगदाण्याच्या जागी हरभरा छापला जातो. शेंगदाण्याची तीव्र ॲलर्जी असलेला ग्राहक ती यादी वाचून निर्धास्तपणे पाकीट उघडील. वाक्याच्या दृष्टीने काहीच बिघडलेले नसते, म्हणून तेलुगू न जाणणाऱ्या तपासनिसाला ही चूक दिसत नाही.

यावर दोन उपाय आहेत. तेलंगणात शेंगदाण्याला सर्रास ‘पल्लीलु’ म्हणतात. म्हणून ‘वेरुशनगलु (पल्लीलु)’ असे दोन्ही शब्द द्यावेत. दुसरे म्हणजे यादीखालची ॲलर्जीची सूचना पूर्ण वाक्यात लिहावी : ‘इंदुलो वेरुशनगलु उन्नायि’, म्हणजे यात शेंगदाणे आहेत. येथे ‘उंडवच्चु’ हे क्रियापद वापरू नये. त्याचा अर्थ ‘असू शकतात’ असा होतो. चिवड्यात शेंगदाणे निश्चित आहेत. तेथे शक्यता सांगणे म्हणजे माहिती सौम्य करणे होय.

४.३ साठवणुकीची सूचना

मराठी मूळ मजकूर असा आहे : ‘थंड व कोरड्या जागी ठेवा. पाकीट उघडल्यानंतर हवाबंद डब्यात ठेवा.’ तेलुगूत पहिले वाक्य ‘चल्लनि, पोडि प्रदेशंलो निल्व चेयंडि’ असे होते. ‘पोडि’ या शब्दाचे ‘कोरडे’ आणि ‘भुकटी’ असे दोन अर्थ आहेत. ‘प्रदेशंलो’, म्हणजे ‘जागेत’, हा शब्द सोबत असला की संदिग्धता राहत नाही. जागा वाचवण्यासाठी तो गाळू नये.

दुसऱ्या वाक्यातील ‘हवाबंद’ हा एक शब्द तेलुगूत ‘गालि चोरबडनि डब्बालो’, म्हणजे ‘हवा आत न शिरणाऱ्या डब्यात’, असा विस्तारतो. तेलुगू लिपीत जोडाक्षरातील दुसरे व्यंजन बहुधा खाली लिहिले जाते. ओळींतील अंतर कमी केल्यास ते खालच्या ओळीत मिसळते. म्हणून मराठी मजकुराएवढीच जागा तेलुगूला पुरेल असे गृहीत धरू नये.

आज्ञार्थाकडेही लक्ष द्या. ‘चेयंडि’, ‘उंचंडि’ ही आदरार्थी रूपे आहेत. ‘ठेवा’ची जागा तीच घेतात. ‘चेय्यि’ हे एकेरी रूप वेष्टनावर ‘ठेव’ इतकेच खटकते.

४.४ मुदतीचा मजकूर

२०२० च्या विनियमांत उत्पादनाची किंवा वेष्टनाची तारीख आणि वापराची अंतिम तारीख या दोन्ही अनिवार्य आहेत. ‘या तारखेपर्यंत उत्तम’ हा मजकूर ऐच्छिक आहे. दोहोंचा अर्थ भिन्न आहे : अंतिम तारखेनंतर पदार्थ सुरक्षित राहीलच असे नाही, म्हणून तो खाऊ नये, ‘उत्तम’ तारखेनंतर गुणवत्ता कमी होते, पण पदार्थ सुरक्षित असू शकतो. तेलुगूत पहिल्यासाठी ‘गडुवु तेदी’, उत्पादनाच्या तारखेसाठी ‘तयारी तेदी’ असे शब्द आहेत. दोन्ही प्रकारच्या मुदतींसाठी ‘गडुवु तेदी’ वापरल्यास हा भेद नाहीसा होतो.

मुदतीचे एकक बदलू नये. चिवडा ५ जून रोजी तयार झाला आणि मुदत ९० दिवस असेल, तर ती ३ सप्टेंबरला भरते. अनुवादकाने सोपे म्हणून ‘मूडु नेललु’, म्हणजे तीन महिने, असे लिहिले तर ग्राहक ५ सप्टेंबर धरील आणि त्याच पाकिटावरील छापील तारखेशी ते जुळणार नाही. ‘९० रोजुलु’ असेच लिहावे. येथे ‘रोजु’ म्हणजे दिवस. मराठी ‘रोज’मधील ‘दररोज’ हा अर्थ त्यात नाही.

४.५ सारांश

वेष्टनाचा अनुवाद तपासताना तेलुगू जाणणाऱ्या व्यक्तीकडून मजकूर मोठ्याने वाचून घ्यावा आणि तिने सांगितलेला अर्थ मराठीत लिहावा. तो मूळ इंग्रजी किंवा हिंदी मजकुराशी ओळीओळीने ताडून पाहावा. ही तपासणी छपाईच्या अंतिम नमुन्यावर करावी. हस्तलिखितात असलेले ‘वेरु’ नमुन्यात टिकले आहे की नाही, हे तेथेच कळते.

स्वयं-अध्ययनासाठी प्रश्न

१. ‘पदार्थ’ आणि ‘रोज’ या शब्दांच्या मराठी व तेलुगू अर्थांतील फरक स्पष्ट करा.
२. आपल्या घरातील एखाद्या फराळाच्या जिनसाची वजनानुसार घटकयादी तयार करा आणि पाककृतीतील क्रमाशी तिची तुलना करा.
३. ‘उन्नायि’ आणि ‘उंडवच्चु’ यांपैकी कोणते क्रियापद केव्हा योग्य ठरेल, ते सोदाहरण लिहा.