गोल तंबूला कापड किती लागेल?

खाली गोल कनात आणि वर टोकदार छत, असा तंबू शिवायचा तर कापडाचा अंदाज बहुतेक वेळा छताशीच चुकतो. गणिताच्या भाषेत कनात म्हणजे वृत्तचिती आणि छत म्हणजे शंकू. दोघांचा हिशेब वेगवेगळा करून बेरीज करायची असते.

एक तंबू घेऊ. त्याचा व्यास ५.६ मीटर, कनातीची उंची २ मीटर आणि मधल्या खांबाचं टोक जमिनीपासून ४.१ मीटरवर. त्रिज्या २.८ मीटर, म्हणून घेर १७.६ मीटर भरतो. कनात उलगडली की १७.६ मीटर लांब आणि २ मीटर उंच असा सरळ आयत होतो, म्हणजे ३५.२ चौरस मीटर.

छताची उभी उंची ४.१ वजा २, म्हणजे २.१ मीटर. पण कापड उभं लटकत नाही, ते उतारावरून येतं. म्हणून टोकापासून कनातीच्या काठापर्यंतची तिरकस उंची हवी. २.८ आणि २.१ यांच्या वर्गांची बेरीज १२.२५ येते आणि तिचं वर्गमूळ ३.५. आता पाय गुणिले त्रिज्या गुणिले तिरकस उंची केलं की छताचे ३०.८ चौरस मीटर मिळतात. इथे चुकून २.१ वापरले तर उत्तर १८.४८ येतं आणि शिवताना छताला १२ चौरस मीटरहून जास्त कापड कमी पडतं. कनात आणि छत यांच्यामध्ये कापड नसतं, तेव्हा तिथलं वर्तुळ मोजायचं नाही.

एकूण ६६ चौरस मीटर झाले. दीड मीटर पन्ह्याचं कॅनव्हास घेतलं, तर हिशेबाने ४४ मीटर लांबी पुरते. प्रत्यक्षात कनातीला दोन-दोन मीटरचे १२ पट्टे, म्हणजे २४ मीटर लागतात. छताचे १२ त्रिकोण सबंध कापले तर ४२ मीटर कापड जातं आणि जवळजवळ निम्मं कोपऱ्यांत उरतं. तेच दोन-दोन कोपरे जोडून त्रिकोण केले, तर २१ मीटरमध्ये भागतं, फक्त काही शिवणी वाढतात. शिवण, दुमड आणि दाराची झडप यांसाठी ४४ मीटरवर दहा टक्के धरून ४९ मीटर मागवावं.

रंगाला मात्र ही वाढ लागू नाही. रंग तयार तंबूच्या पृष्ठभागाला लागतो, म्हणून ६६ चौरस मीटरच धरायचे. रंगारी दर चौरस फुटाला सांगत असेल तर हे सुमारे ७१० चौरस फूट होतात. दर ५ रुपये धरला तर बाहेरून रंगवायला ३,५५० रुपये आणि आतूनही रंगवायचं तर ७,१०० रुपये. दर ठरवण्याआधी तो फुटाचा की मीटरचा आणि एका बाजूचा की दोन्ही बाजूंचा, हे विचारून घ्या.