कानासाठी लिहिलेली बातमी

वर्तमानपत्राचा वाचक वाक्य पुन्हा मागे जाऊन वाचू शकतो. श्रोत्याला ती सोय नसते. बातमीपत्राची संहिता छोट्या वाक्यांत लिहितात ती यासाठी. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने वाक्य लांबले की श्रोता ताटकळतो, आणि ‘नाही’ ऐकू येईपर्यंत नेमके कशाला नाही म्हटले, हेच त्याला आठवत नाही.

पावसाळ्यातली नेहमीची बातमी पाहा. आकडे केवळ उदाहरणादाखल आहेत. प्रसिद्धिपत्रक म्हणते: ‘खडकवासला धरणाच्या पाणलोट क्षेत्रातील संततधार पावसामुळे मुठा नदीपात्रात सुरू असलेला १८ हजार ४८३ क्युसेकचा विसर्ग सायंकाळी सहा वाजता वाढवून २२ हजार ८८० क्युसेक करण्यात आला असून, पावसानुसार त्यात बदल होण्याची शक्यता असल्याने नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे, असे आवाहन जलसंपदा विभागाने केले आहे.’

संहितेत त्याचे असे होते: ‘खडकवासला धरणातून मुठा नदीत सोडलं जाणारं पाणी वाढवण्यात आलं आहे. संध्याकाळी सहा वाजल्यापासून सुमारे तेवीस हजार क्युसेकनं विसर्ग सुरू आहे. त्याआधी तो सुमारे साडेअठरा हजार होता. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावं, असं आवाहन जलसंपदा विभागानं केलं आहे. पावसानुसार विसर्ग बदलू शकतो, असंही विभागानं कळवलं आहे.’

पाणलोट क्षेत्रातला पाऊस इथे गाळला. वेळ असेल तर त्याचे वेगळे वाक्य करावे. दोन्ही आकडे पूर्ण अंकात लागोपाठ वाचले तर एकही लक्षात राहत नाही. साडे, सव्वा, पावणे हे शब्द अशा वेळी कामी येतात. मात्र ‘सुमारे’ गाळता येत नाही. मृतांची संख्या आणि निवडणुकीतले थोडक्या मतांचे अंतर यांना हा नियम लागू नाही. तिथे नेमका आकडाच द्यावा. ‘क्युसेक प्रतिसेकंद’ ही चूक तर वरचेवर ऐकू येते. क्युसेक म्हणजेच सेकंदाला एक घनफूट.

काटछाटीत सगळ्यात आधी बळी जातो तो अटींचा. ‘बदलू शकतो’चे ‘वाढणार’ झाले की वाक्य सुटसुटीत होते, पण बातमी खोटी ठरते. गुन्ह्याच्या बातमीत हे अधिक महागात पडते. ‘चोरी करणाऱ्या दोघांना अटक’ यात निकालच लागून गेला. ‘चोरीच्या आरोपावरून दोघांना अटक’ यात एकही शब्द वाढत नाही आणि दोष सिद्ध झाल्याचा भास टळतो. वाक्ये तोडल्यावर ‘त्यांनी’ म्हणजे कोणी, हाही घोळ होतो. अशा वेळी नाव किंवा पद पुन्हा घ्यावे. छापील मजकुरात खटकणारी ही पुनरुक्ती कानाला खटकत नाही.

संहिता शेवटी मोठ्याने वाचून पाहतात. जिथे श्वास अपुरा पडतो, तिथे वाक्य तोडायचे. तोडल्यावर ती मूळ पत्रकाशी पुन्हा ताडून घ्यावी लागते. रात्रीची बातमी सकाळच्या बातमीपत्रात घेताना ‘आज’चे ‘काल’ करायचे राहून जाते, तेही याच वेळी सापडते.