ताटात पडणाऱ्या मटणाचा खरा भाव

कोल्हापूरकडच्या साध्या खानावळीत मटण थाळीचा दर बहुतेक वेळा असा ठरतो. मटण 800 रुपये किलो, एका ताटाला कच्चं मटण 180 ग्रॅम, म्हणजे मटणाचे झाले 144 रुपये. त्यावर मसाला, तेल, भाकरी, भात, गॅस आणि पगार चढवायचे आणि दर फळ्यावर लिहायचा. हिशेब सरळ वाटतो, पण त्यातला पहिलाच आकडा चुकतो. 800 हा खाटकाच्या तराजूवरचा भाव आहे. त्या वजनातली चरबी, पडदे आणि मांस नसलेली हाडं ताटात जात नाहीत. पैसे मात्र त्यांचेही मोजलेले असतात. थाळी खपते, गर्दी असते, तरी महिनाअखेरीस हातात काही उरत नाही, याचं कारण पुष्कळदा इथेच असतं.

उपाय सोपा आहे. आपल्याच स्वयंपाकघरात मटणाचा उतारा काढायचा. त्यासाठी ग्रॅम दाखवणारा काटा, चार रिकामी भांडी आणि वही एवढंच लागतं. समजा 10 किलो मटण आलं, किंमत 8,000 रुपये. (या लेखातले भाव हिशेबापुरते धरले आहेत, आपापल्या गावचे घालावेत.) मटण आलं की धुण्याआधी वजन करायचं. धुतलेलं मटण पाणी धरतं आणि काटा जास्त दाखवतो, त्यामुळे हा क्रम मोडायचा नाही. मग नेहमीच्या कामगाराकडून नेहमीसारखेच तुकडे करून घ्यायचे. परीक्षा आहे म्हणून त्याने त्या दिवशी जास्त जपून छाटलं, तर येणारा आकडा रोजच्या कामाचा राहत नाही.

छाटताना चार ढीग वेगळे करायचे. थाळीत घालायचे हाडासकट तुकडे 8 किलो 100 ग्रॅम, खिम्याला चालेल असं बारीक मांस 500 ग्रॅम, रश्शाच्या उकडीला घालायची मोकळी हाडं 700 ग्रॅम, आणि टाकायची चरबी व पडदे 550 ग्रॅम. बेरीज 9 किलो 850 ग्रॅम भरते. उरलेले 150 ग्रॅम ओट्याला चिकटले, हाडाच्या भुग्यात गेले किंवा रक्ता-पाण्यात वाहून गेले. एवढी घट चालते. पण 10 किलोमागे अर्धा किलोचा पत्ता लागत नसेल, तर आधी काटा तपासावा, एखाद्या ढिगातून भांड्याचं वजन दोनदा तर वजा झालं नाही ना हे बघावं, आणि मग मटण गेलं कुठे याची चौकशी करावी.

आता 8,000 रुपये 8.1 किलोवर नुसते वाटून टाकणंही बरोबर नाही, कारण खिमा आणि हाडं वाया गेलेली नाहीत. ती बाजारातून आणावी लागली असती तर जेवढे पैसे पडले असते, तेवढेच वजा करायचे. खिम्याचे 400 आणि हाडांचे, 100 रुपये किलोने, 70. उरले 7,530 रुपये. त्यांना 8.1 ने भागलं की थाळीच्या मटणाचा खरा भाव येतो सुमारे 930 रुपये किलो. त्या हिशेबाने 180 ग्रॅमचे 144 नव्हे, 167 रुपये होतात. ताटामागे 23 रुपये कमी दिसतात, 8.1 किलोतून निघणाऱ्या 45 ताटांमागे ती रक्कम हजारावर जाते. इथे एक मोह टाळायला हवा. हाडांचा वापरच होत नसेल आणि ती संध्याकाळी कचऱ्यात जात असतील, तर त्यांचे 70 रुपये वजा करायचे नाहीत.

याच कसोटीवर दोन खाटकांची तुलना केली की डोळे उघडतात. दुसरा खाटीक 760 रुपयांनी देतो. त्याच्याकडच्या 10 किलोत मान आणि बरगड्यांचा भाग जास्त, चरबीही जास्त. थाळीचे तुकडे निघतात 7 किलो 200 ग्रॅम, खिमा 400 ग्रॅम, हाडं 1 किलो 100 ग्रॅम. 7,600 मधून खिम्याचे 320 आणि हाडांचे 110 वजा केले तर 7,170 उरतात, आणि 7.2 ने भागल्यावर भाव पडतो 996 रुपये किलो. दुकानात 40 रुपयांनी स्वस्त असलेलं मटण ताटात 66 रुपयांनी महाग पडलं. खाटकाशी भावावरून घासाघीस करण्यापेक्षा कोणता भाग किती हवा, चरबी किती चालेल, यावर बोलणं त्यामुळे जास्त फायद्याचं ठरतं.

कच्च्या वजनावर हिशेब संपत नाही. शिजताना मटण पाणी आणि चरबी सोडतं आणि साधारण तिसरा हिस्सा वजन जातं. आपल्या 8.1 किलोतले शिजलेले तुकडे, रस्सा निथळून, 5.4 किलो भरले असं धरू. म्हणजे 180 ग्रॅम कच्च्याचे 120 ग्रॅम शिजलेले झाले आणि 45 ताटं निघाली पाहिजेत. हे वजन रस्सा निथळूनच करायचं. पातेल्यातून काढून तसंच मोजलं तर रश्शाचं वजन मटणाच्या नावावर जातं. जून बोकड, जास्त वेळ उकळलेलं पातेलं, कुकरची एखादी जादा शिट्टी, यांनी आकडा खाली येतो. म्हणून तीन-चार वेगवेगळ्या दिवशी उतारा काढून सरासरी धरावी, आणि खाटीक किंवा भाग बदलला की पुन्हा काढावा.

प्रत्यक्षात 45 ऐवजी 42 ताटंच वाढली गेली, तर 7,530 रुपये 42 वर वाटले जातात आणि ताट 179 रुपयांना पडतं. उतारा बरोबर, तरी ताटं कमी, असं झालं की दोष वाढपात शोधावा. बऱ्याच ठिकाणी ‘चार फोडी’ या मापाने वाढतात, पण मांडीची फोड आणि बरगडीची फोड वजनाला कधीच सारखी नसते. नळी एकाला आणि नुसतं हाड दुसऱ्याला, ही गिऱ्हाइकाची तक्रारही इथूनच येते. वाढण्याआधी 120 ग्रॅमचे वाटे काट्यावर लावून ठेवले, प्रत्येकात एक हाडाचा आणि दोन-तीन मांसाचे तुकडे धरले, तर दोन्ही प्रश्न बरेच सुटतात.

चिकनचं गणित याहून सुटसुटीत आहे, कारण पक्षी बराचसा एकसारखा असतो. 2 किलोची जिवंत ब्रॉयलर कोंबडी 130 रुपये किलोने घेतली तर 260 रुपये होतात. पिसं, कातडी, डोकं, पाय आणि आतडी काढल्यावर साधारण 1 किलो 300 ग्रॅम उरतं, म्हणजे सोललेल्या चिकनचा भाव 200 रुपये किलो. दुकानात ते 200 च्या आसपास मिळत असेल तर जिवंत कोंबडीच्या मागे लागण्यात अर्थ नाही. उलट गळ्याखालची पिशवी दाण्यांनी फुगलेली असेल, तर कोंबडीच्या भावाने आपण दाणा विकत घेतो. लहान पक्ष्यात हाडाचा हिस्साही जास्त निघतो.

बर्फातून किंवा गोठवलेल्या पाकिटातून येणाऱ्या चिकनमध्ये मुख्य घट पाण्याची असते. 5 किलोचं पाकीट 220 रुपये किलोने आणलं, फ्रीजमध्ये जाळीवर रात्रभर ठेवून वितळवलं आणि चिकन 4 किलो 700 ग्रॅम भरलं, तर 1,100 रुपयांना 4.7 किलो मिळालं. भाव झाला 234 रुपये. खाली ताट ठेवून निथळलेलं पाणीही मोजावं. चिकन आणि पाणी मिळून मूळ वजन भरलं तर काटा आणि काम दोन्ही ठीक आहेत, आणि पुढच्या खेपेला पुरवठादाराशी बोलताना हातात आकडा असतो.