खोकला काढला, पण शांतता कुठली भरायची?

ऑडिओबुकचं ध्वनिमुद्रण चालू आहे. वाचक म्हणतो, "त्यानं दार उघडलं." मग त्याला खोकला येतो आणि तो पुढे वाचतो, "आत कोणीच नव्हतं." खोकला दोन वाक्यांच्या मधे आला आहे, म्हणजे तो काढता येईल. नवखा संपादक तेवढा भाग निवडून म्यूट करतो, आणि हेडफोनमध्ये खोकल्याहूनही विचित्र असा एक खड्डा ऐकू येतो.

याचं कारण असं की कुठलीच खोली पूर्ण शांत नसते. एसीची घरघर, रस्त्यावरची पुसट गुणगुण आणि माइकची स्वतःची बारीक सरसर शब्दांच्या मागे सतत चालू असते. तिलाच रूम टोन म्हणतात. ती अचानक थांबली की कान लगेच दचकतो. म्हणून खोकल्याच्या जागी शून्य न ठेवता त्याच खोलीची, त्याच बैठकीतली शांतता बसवावी लागते.

आपल्या उदाहरणात दोन वाक्यांमधलं अंतर दीड सेकंदाचं आहे. त्यात खोकल्याआधी घेतलेला श्वास, प्रत्यक्ष खोकला आणि भिंतींवरून परतणारा त्याचा प्रतिध्वनी, हे सगळं येतं. हे शेपूट राहिलं तर खोकला गेला तरी त्याची सावली ऐकू येते. म्हणून तिन्ही काढायचे. मात्र तिथे पुन्हा दीड सेकंद भरू नये. हा वाचक इतरत्र दोन वाक्यांमध्ये साधारण पाऊण सेकंद थांबत असेल, तर रूम टोनही तेवढाच घालावा.

दोन्ही सांधे क्रॉसफेडने जोडायचे: एक आवाज उतरत असताना दुसरा चढतो. वीस ते पन्नास मिलिसेकंद बहुधा पुरतात. 'उघडलं'मधला शेवटचा स्वर पूर्ण विरल्यावरच क्रॉसफेड सुरू व्हावा, नाहीतर शब्दाचा गळा दाबल्यासारखा वाटतो. क्रॉसफेड 'इक्वल पॉवर' प्रकारचा घ्यावा. दोन वेगवेगळ्या सरसरी सरळ रेषेच्या क्रॉसफेडने जोडल्या, तर मध्यावर पातळी सुमारे ३ डेसिबलने खाली जाते आणि लांब सांध्यात ती घसरण कळते.

रूम टोन शक्यतो त्याच जागेच्या आसपासचा घ्यावा. सकाळी एसी बंद असताना घेतलेला तुकडा दुपारच्या वाचनात लगेच उघडा पडतो. अर्ध्या सेकंदाचा तुकडा पुन्हा पुन्हा जोडला तर त्यातली एखादी बारीक टिकटिक ठेक्यात येऊ लागते. हे सगळं काम नॉइज रिडक्शन आणि कॉम्प्रेशनच्या आधी करावं. कॉम्प्रेशननंतर आवाजाची पातळी वर उचलली जाते, तेव्हा पार्श्वभूमीतला लपलेला फरकही वर येतो.

खोकला शब्दावरच आला असेल, किंवा त्यानंतरचं 'आत' घोगरं निघालं असेल, तर कापाकापीत वेळ घालवू नये. ते वाक्य पुन्हा वाचून घ्यावं. सांधा तपासताना तीन-चार सेकंद आधीपासून, डोळे वेव्हफॉर्मवरून काढून ऐकावं. सांधा कुठे आहे ते दिसत असेल तर कान तिथेच दोष शोधू लागतो.

आणि पुढच्या वेळी वाचन सुरू करण्यापूर्वी माइक, गेन आणि एसी जसे असतील तसेच ठेवून मिनिटभर काही न बोलता रेकॉर्ड करून ठेवा.