काकू, पातेलं पोहोचलं!

काकू, होळीच्या आदल्या दिवशी तुम्ही आमचं पुरणयंत्र आणि मोठं पातेलं नेलंत. रिकामं भांडं परत करू नये, चिमूटभर साखर तरी घालावी, ही आपली जुनी रीत. तुम्ही मात्र साखरेवर कधीच थांबला नाहीत. यंदा पातेल्यातून कटाची आमटी आली, वर लवंगा तरंगत होत्या आणि झाकणावर चार पोळ्या.

हरभऱ्याची डाळ शिजवून वेळली की जे पाणी निघतं तो कट. वाटीभर डाळीला वाटीभर गूळ घालून तुम्ही पुरण आटवता आणि मधोमध उलथनं रोवून बघता. ते सरळ उभं राहिलं की गॅस बंद. कललं तर आणखी आटवायचं, नाहीतर पुरण सैल राहतं आणि लाटताना पोळी फुटते. तुमची एकही फुटलेली नव्हती!

पातेल्यावर आमच्या आईचं नाव कोरलंय, तरी मुलं त्याला ‘काकूंचं पातेलं’च म्हणतात. खूप खूप आभार, काकू. पाडव्याला श्रीखंडाचा चक्का फिरवायला पुरणयंत्र लागेलच. पातेल्यासकट धुऊन दाराशीच ठेवलंय.